कमिशन दहा टक्के, गळती पस्तीस!

फ्रीलान्सर्सच्या कुठल्याही कट्ट्यावर बसा, दहाव्या मिनिटाला कमिशनचा विषय निघतोच. 'साले नुसते बसून दहा टक्के खातात' हे ठरलेलं वाक्य. त्यावर तितकंच ठरलेलं उत्तर, 'मग डायरेक्ट क्लायंट पकड ना!' इथे चर्चा संपते आणि कटिंग मागवला जातो. पण डायरेक्ट क्लायंट पकडायला किती पडतात? त्याचं बिल कुणी पाहिलंय?

माझ्या एका मैत्रिणीने पाहिलंय. राहते धाटावला. म्हणजे रोह्याच्या शेजारी, जिथे कोकण रेल्वे सुरू होते तिथून जेमतेम हाकेच्या अंतरावर. धाटाव म्हटलं की एमआयडीसी आणि केमिकल प्लांट्स. बाई मेकॅनिकलची डिप्लोमा होल्डर, ऑटोकॅडवर पाइपिंगची ड्रॉइंग्ज काढते. कुठली पाइपलाइन कुठल्या टाकीतून निघते, कुठे व्हॉल्व्ह, कुठे पंप, सगळं कागदावर. नोकरी सोडली, घरातच टेबल मांडलं आणि परदेशी कामं एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून घ्यायला लागली. कमिशन खुपायला लागल्यावर तिने ठरवलं, समोर अख्खी एमआयडीसी असताना डॉलरवाल्यांच्या मागे कशाला?

तीन महिने दोन्हीकडे सारखं लक्ष द्यायचं आणि डायरीत प्रत्येक तास लिहायचा, एवढाच तिचा फंडा. फक्त कामाचे तास नव्हेत, काम मिळवायला गेलेलेसुद्धा. खरी गंमत इथेच आहे.

आधी प्लॅटफॉर्मची बाजू. तीन महिन्यांत तिने ४० प्रपोजल्स पाठवली. एकेकाला पाऊण तास, म्हणजे ३० तास. प्रपोजल पाठवायलाही पैसे पडतात बरं का. अपवर्कवर त्याला 'कनेक्ट्स' म्हणतात, एकाची किंमत १५ सेंट्स. तिला सरासरी १२ लागले. ४० प्रपोजल्सचे झाले ७२ डॉलर, ८५ रुपयांनी धरले तर ६,१२० रुपये. यातून कामं मिळाली चार. एकूण ११० तास, तासाला १२ डॉलर, म्हणजे १,०२० रुपये. बिल झालं १,१२,२०० रुपये. दहा टक्के कमिशन ११,२२० रुपये. बँकेने आणि इकडच्या-तिकडच्या कापाकापीत साधारण २,००० गेले. हातात राहिले ९२,८६०.

आता हे ११० ने भागायचं नाही. १४० ने भागायचं, कारण ते ३० तासही तिच्याच आयुष्यातले होते. उत्तर येतं तासाला ६६३ रुपये. बोर्डवर १,०२० आणि खिशात ६६३. पस्तीस टक्के गळती! आणि या गळतीत कमिशनचा वाटा पाव हिस्साही नाही. सगळ्यात मोठं भगदाड ते प्रपोजल्सच्या ३० तासांचं. ज्याला आपण शिव्या देतो तो चोर किरकोळ निघाला. मोठा चोर आपल्याच खुर्चीत बसून टाइप करत होता.

इथे एक खुलासा. दहा टक्के हा तिच्या कामांवरचा दर. अपवर्कवर २०१६ ते २०२३ पर्यंत उतरती भाजणी होती. एका क्लायंटकडच्या पहिल्या ५०० डॉलरला २० टक्के, मग १०, मग दहा हजारांच्या पुढे ५. मे २०२३ मध्ये सरसकट १० झालं आणि मे २०२५ पासून नव्या कामाला ० ते १५ टक्क्यांमधला दर कामागणिक ठरतो. फायवर सरळ २० कापतं. तेव्हा तुमचा आकडा तुमच्या स्क्रीनवर बघा, मित्राचा ऐकू नका.

आता एमआयडीसी. तिथेही तीन महिने, बारा ठिकाणं. फोन करायचा, साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा फोन. मग गेटवर रजिस्टरमध्ये नाव, गेट पास, मोबाइल बाहेर ठेवायचा, हेल्मेट घालून आत जायचं आणि पर्चेसच्या बाकावर बसायचं. 'मॅडम, कंपनी कुठली तुमची?' 'माझीच.' 'हो का? व्हेंडर फॉर्म भरा मग.' चार पानी फॉर्म, त्यात मागच्या तीन वर्षांची उलाढाल. नमुना ड्रॉइंग फुकट काढून द्यायचं ते वेगळंच. या सगळ्यात गेले ६० तास. पेट्रोल, प्रिंट्स, कार्ड्स मिळून ४,००० रुपये.

मिळाले दोन ग्राहक. एक प्लांट आणि एक पाइपिंगचा कंत्राटदार. काम ७० तासांचं, तासाला ६०० रुपये. बिल ४२,००० चं आणि ते वसूल करायला आणखी दहा तास फोन. खर्च वजा जाता ३८,००० रुपये, तासही योगायोगाने १४०च. तासाला पडले २७१ रुपये!

'अगं, एवढ्यात मी नोकरी का सोडली?' तिचा पहिला फोन असा होता.

इथेच बरेच जण डायरी बंद करतात. तिने केली नाही, कारण दोन्हीकडचा खर्च एका जातीचा नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. प्लॅटफॉर्मवर तिला मिळालेली चारही कामं एकेकदाची. ती संपली की पुन्हा ४० प्रपोजल्स, पुन्हा ३० तास. उलट धाटावचा कंत्राटदार ओळखीचा झाला तो झालाच. त्याच्याकडे शटडाउनची कामं असतात. प्लांट ठराविक दिवस बंद ठेवून दुरुस्ती करतात, पाइप बदलतात आणि मग बदलाप्रमाणे ड्रॉइंग्ज नव्याने काढावी लागतात. सुरक्षेच्या तपासणीला बसलं की जुनं ड्रॉइंग चालत नाही. म्हणजे काम परत परत येणारं.

पुढच्या तीन महिन्यांत त्या एकट्याने ११० तासांचं काम दिलं. शोधायला शून्य तास, वसुलीला आठ, खर्च हजारभर. दर तोच ६००. तासाला पडले ५५१. दर एक पैसा न वाढता कमाई दुप्पट! तरी प्लॅटफॉर्मचे ६६३ वरचढच. मग तिने उलटं गणित केलं. ६६३ ची बरोबरी करायची तर या कंत्राटदाराने किती द्यायला हवेत? उत्तर आलं ७२०. म्हणजे परतपरत येणाऱ्या ग्राहकाचा रोह्यातला ७२० रुपयांचा तास आणि प्लॅटफॉर्मवरचा १,०२० चा तास तिच्यासाठी सारखेच. नुसते दर शेजारी ठेवले असते तर हे दिसलंच नसतं.

ती गेली आणि ७५० मागितले. 'ताई, फार होतात हो,' कंत्राटदार म्हणाला, दोन दिवसांनी हो म्हणाला. नवं माणूस शोधायचं, त्याला प्लांट समजावायचा, हा त्याचाही खर्चच की.

जिंकली ना डायरेक्टवाली पार्टी? थांबा. ७५० ला तासामागे पडतात ६९१, प्लॅटफॉर्मपेक्षा २८ जास्त. पहिल्या तीन महिन्यांत गेटवर जी फोडाफोड झाली, त्यात तिने साधारण ५५,००० रुपये गमावले होते. या २८ रुपयांनी ते भरून यायला चार वर्षं लागतील! डायरेक्ट क्लायंट वाईट नाही, तो शोधायची पद्धत महाग होती. बारा गेट्सपैकी दहांनी तिचे तास खाल्ले आणि काहीच दिलं नाही.

तिसरा प्रकार तिला न शोधता सापडला. त्याच कंत्राटदाराने तिचं नाव नवी मुंबईतल्या एका कन्सल्टंटला सांगितलं. एक फोन, एक भेट, एक कोटेशन, सगळे मिळून सहा तास. दर ९००. पहिलंच काम ४० तासांचं, वसुलीला दोन तास. ३६,००० भागिले ४८ म्हणजे ७५० रुपये, तेही पहिल्याच कामात. कमिशन नाही, गेट पास नाही.

हे सगळं पेणमध्ये कुणाला नवीन नाही. तिथले गणपतीवाले मूर्ती मुंबईच्या व्यापाऱ्याला घाऊक देतात, तेव्हा व्यापारी मधले पैसे घेतो हे त्यांना पक्कं माहीत असतं. पण शहरात मांडव, भाडं आणि रात्रीचा पहारा हेही तोच बघतो. आपण लॅपटॉपवाले मात्र मांडवाचं भाडं विसरून नुसतं कमिशन मोजत बसतो.

आता सगळ्यात गोड मोह. प्लॅटफॉर्मवर भेटलेला एखादा क्लायंट दुसऱ्यांदा काम घेऊन येतो आणि मनात येतं, याला बाहेर काढू, दहा टक्के वाचतील. एक तर अपवर्कच्या नियमाप्रमाणे तिथे ओळख झालेल्या क्लायंटचे पैसे दोन वर्षं तिथूनच घ्यावे लागतात. बाहेर पडायचं तर फी भरा, नाहीतर अकाउंट गमावायची तयारी ठेवा. आणि दुसरं, गणित करून बघा. जुन्या क्लायंटला प्रपोजल्स नाहीत, कनेक्ट्स नाहीत. १,०२० तून १०२ गेले, राहिले ९१८. सगळ्या डायरीत याहून महाग विकला गेलेला तास नाही! कमिशन सगळ्यात जास्त टोचतं ते नेमकं तिथेच, जिथे ते सगळ्यात परवडतं.

डायरेक्टच्या बाजूला एक खर्च तासांत धड मोजता येत नाही, तो म्हणजे थांबण्याचा. प्लॅटफॉर्मवर तासाच्या कामाचे पैसे आठवडा संपल्यावर दहाएक दिवसांत निघतात. धाटावच्या प्लांटने पहिलं बिल तीन महिने ठेवलं. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२३ पासूनच्या बिलांना आयकरातही मेख मारलेली आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. मैत्रीण आता बिलावर उद्यम नंबर छापते. मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात म्हणे!

आणि हो, कंपनीने टीडीएस कापला तर तो खर्चात धरू नका. तो तुमच्या करात वळता होतो. पहिल्या महिन्यात तिने तो गळतीत टाकला होता आणि उगाच रडली होती.

आता तिचा आठवडा असा. शोधाशोधीला सहा तास, त्यापेक्षा जास्त नाही. दोन तास जुन्या ग्राहकांना फोन, 'दादा, शटडाउन कधी?' आणि 'आणखी कुणाला लागतं का?' चार तास प्लॅटफॉर्मवर, पण प्रपोजल फक्त अशांना, ज्यांच्या जाहिरातीत पुढची कामं येणार असल्याचं दिसतं. आठवड्याला दोन-तीनच जातात. गेटवर ती जात नाही, बोलावल्याशिवाय. परवा एका प्लांटमधून बोलावणं आलं, तर तिने आधी फोनवर दोनच प्रश्न विचारले. वर्षाला किती ड्रॉइंग्ज बदलता? आणि बिल कोण पास करतं?

पलीकडच्या साहेबांना पहिल्याचं उत्तर माहीत नव्हतं. ती त्या दिवशी घरीच थांबली, जुन्या क्लायंटचं काम केलं, ९१८ ने.