दृष्टी मंदावल्यावर दिसणारी चित्रे

समजा, बंगळूरच्या एका मराठी घरात काचबिंदूने दृष्टी बहुतांशी गमावलेल्या आजी सायंकाळी म्हणतात, "दाराशी भरजरी कपडे घातलेली मुले उभी आहेत." दाराशी कोणीही नसते. घरातील माणसे घाबरतात. कोणी वेडाची शंका घेतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो. वस्तुतः हा बहुधा दृष्टिहानीचाच परिणाम असतो.

या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन जिनिव्हा येथील शास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी १७६० साली प्रसिद्ध केले. त्यांच्या आजोबांचे वय सुमारे ८९ वर्षांचे होते व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांची दृष्टी अधू झाली होती. एकदा नाती भेटीस आल्या असता त्यांच्याजवळ रुपेरी किनारीच्या टोप्या घातलेले दोन तरुण त्यांना दिसले. पाहुणे येणार हे आधी का सांगितले नाही, असे त्यांनी विचारले. नातींना मात्र कोणीच दिसत नव्हते. थोड्याच वेळात ते तरुण विरून गेले. आजोबांची स्मृती व विचारशक्ती शाबूत होती आणि हा भास आहे हे त्यांना पटले.

असे का होते? डोळ्यांकडून येणारे संदेश कमी झाले म्हणजे मेंदूतील दृष्टिकेंद्रे स्वस्थ न बसता आपणहून कार्य करू लागतात. १९९८ साली लंडन येथे अशा रुग्णांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. ज्यांना चेहरे दिसत, त्यांच्या मेंदूतील चेहरे ओळखणारा भागच त्या वेळी कार्यरत असल्याचे आढळले.

ही चित्रे मूक असतात. त्यांचा आवाज ऐकू येत नाही की वास येत नाही. मंद प्रकाशात व एकांतात ती अधिक दिसतात. म्हणून दिवा लावावा, डोळ्यांची उघडझाप करावी अथवा नजर डावीउजवीकडे फिरवावी. पुष्कळदा चित्र नाहीसे होते. पुष्कळांच्या बाबतीत कालांतराने हे भास विरळ होतात, तरी अनेकांना ते वर्षानुवर्षे अधूनमधून दिसतात.

घरच्यांनी हसू नये, वाद घालू नये, तसेच "हो, मलाही दिसतात" असेही म्हणू नये. "तुमच्या डोळ्यांना दिसते ते खरे, पण तेथे कोणी नाही; हे वेड नव्हे," असे शांतपणे सांगावे. वेडे ठरू या भयाने कित्येक वृद्ध ही गोष्ट लपवितात. म्हणून आपण होऊन विचारावे.

तरीही नेत्रवैद्यांकडून एकदा तपासणी अवश्य करावी. आवाज ऐकू येत असतील, भास खरेच वाटत असतील, स्मृतिभ्रंश वा गुंगी असेल, अथवा नवे औषध सुरू केल्यावर भास उद्भवले असतील, तर कारण निराळे असू शकते. अशा वेळी वैद्यांचा सल्ला घेण्यास विलंब करू नये. दृष्टी अचानक गेल्यास तर तत्काळ रुग्णालय गाठावे.