‘संपूर्ण डेटा द्या’ एवढं लिहून भागत नाही

बिलिंगचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं की दुकानदार जुन्या कंपनीला फोन करतो, “आमचा सगळा डेटा द्या.” पलीकडून “देतो ना साहेब” असं उत्तर येतं आणि चार दिवसांनी ईमेलमधून तीन एक्सेल फायली येतात: मालाची यादी, ग्राहकांची यादी आणि विक्रीचा अहवाल. कंपनीच्या लेखी काम झालं. त्यात काय राहिलं, हे दुकानदाराला कळतं ते करार संपून जुनं लॉगिन बंद झाल्यावर.

तिथे लबाडी असतेच असं नाही. अहवाल आणि डेटा यांतला फरक दोघांपैकी कुणीच बोलून दाखवलेला नसतो, एवढंच. अहवाल म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदींची बेरीज-वजाबाकी करून दाखवलेलं चित्र. त्यावरून मूळ नोंदी परत उभ्या करता येत नाहीत. म्हणून फोनऐवजी पत्र लिहायचं, आणि काय हवं, कुठल्या रूपात, कुठल्या तारखेपर्यंतचं, हे त्यात नावानिशी मांडायचं.

एक मेडिकल स्टोअर घेऊ. समजा, सात वर्षं एकच सॉफ्टवेअर चालू आहे आणि करार 30 जूनला संपतो. मेडिकलचं उदाहरण मुद्दाम घेतलंय, कारण तिथे प्रत्येक औषधामागे बॅच नंबर आणि मुदत असते. शिवाय शेड्यूल एच-1 मधल्या औषधांची नोंदवही तीन वर्षं जपावी लागते. तीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग हवेतच. जीएसटीचे हिशेब तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवायचे असतात. म्हणजे 2023-24 ची बिलं 31 डिसेंबर 2030 पर्यंत. सॉफ्टवेअर बदललं म्हणून यातली एकही जबाबदारी जुन्या कंपनीकडे जात नाही.

पत्र मेच्या सुरुवातीलाच जावं, आणि त्याचा गाभा साधारण असा असावा:

“आपला आमचा करार 30 जून रोजी संपत आहे. तो पुढे वाढवायचा नाही. आमच्या दुकानाचा डेटा दोनदा मिळावा: चाचणीसाठी 20 मेपर्यंत, आणि अंतिम प्रत 30 जूनचं शेवटचं बिल झाल्यावर. डेटाबेसचा पूर्ण बॅकअप द्यावा, आणि त्यासोबत प्रत्येक तक्त्याची वेगळी CSV फाईल, UTF-8 मध्ये. मालाची मूळ यादी, बॅच व मुदतीनुसार शिल्लक, बिलांची शीर्षं आणि बिलांतल्या ओळी, रद्द बिलं, खरेदी, क्रेडिट नोट, बिलनिहाय उधारी, पुरवठादारांची खाती आणि एच-1 नोंदी यात असाव्यात. तक्ते एकमेकांना जोडणारे अंतर्गत क्रमांक काढू नयेत. कुठल्या रकान्यात काय आहे याची यादी आणि प्रत्येक तक्त्यातल्या ओळींची संख्या सोबत द्यावी. यासाठी शुल्क असेल तर आठ दिवसांत लेखी कळवावं.”

बॅकअप आणि CSV दोन्ही कशाला, असं कंपनीचा माणूस विचारेल. एसक्यूएल सर्व्हरची .bak फाईल ही हुबेहूब प्रत असते, पण ती त्याच किंवा त्याहून नव्या आवृत्तीवरच उघडते, जुन्यावर नाही. तिला पासवर्ड असला आणि तो मिळाला नाही, तर ती फाईल असून नसल्यासारखी. CSV साधा मजकूर असल्यामुळे कुठेही वाचता येते. पहिली प्रत पुराव्यासाठी ठेवायची आणि दुसरी नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची.

अंतर्गत क्रमांकांचा आग्रह मला या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बिलाची माहिती दोन तक्त्यांत असते. एकात तारीख, ग्राहक आणि एकूण रक्कम. दुसऱ्यात औषधांच्या ओळी. बिल नंबर दर एप्रिलला 1 पासून सुरू होत असेल, तर 101 नंबरचं बिल सात वर्षांत सात वेळा येतं. सॉफ्टवेअर त्यांची गल्लत करत नाही, कारण आतून प्रत्येक बिलाला एक न दिसणारा वेगळा क्रमांक असतो. ‘तुम्हाला काय उपयोग’ म्हणून देताना कुणी तो रकाना उडवला, की कुठलं औषध कुठल्या 101 मधलं ते सांगता येत नाही.

दुसरी खोच कराच्या दराची. 22 सप्टेंबर 2025 पासून बऱ्याच औषधांचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. मालाच्या यादीत आता 5 दिसणार, ते बरोबरच आहे. पण जुन्या बिलांच्या ओळी काढताना दर या यादीतून उचलला, तर 2024 चं बिलसुद्धा 5 टक्क्यांचं दिसेल आणि भरलेल्या कराशी जुळणार नाही. म्हणून दर बिलाच्या ओळीवर त्या दिवशी नोंदलेलाच हवा, हे वाक्य पत्रात जरूर घाला.

चाचणीची प्रत आली की फाईलवर डबल क्लिक करायचा मोह आवरायचा. एक्सेल CSV उघडताना स्वतःचं डोकं चालवतं. 8901234567890 हा बारकोड 8.90123E+12 दिसतो, 00417 या बॅचचं 417 होतं, आणि 2E05 ही बॅच चक्क दोन लाख होऊन बसते. तशीच सेव्ह केली की मूळ आकडे गेलेच. एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून फाईल आत घ्यावी आणि हे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून निवडावेत. मूळ फाईल पेन ड्राइव्हवर अलग ठेवावी. तारखाही 2024-05-04 अशाच मागाव्यात, नाहीतर 04-05 म्हणजे 4 मे की 5 एप्रिल, यावर नवा विक्रेता आणि तुम्ही वाद घालत बसाल. ग्राहकांची मराठी नावं प्रश्नचिन्हांच्या रांगेत आली, तर फाईल UTF-8 मध्ये काढलेली नाही. नावं विचित्र इंग्रजी अक्षरांत आली, तर ती जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेली असू शकतात. मग रूपांतर वेगळं करावं लागेल.

यानंतर ताळा. एक महिना निवडा, समजा फेब्रुवारी. त्या महिन्याच्या बिलांतल्या ओळींची करपात्र रक्कम दरानुसार बेरजेला घ्या आणि भरलेल्या जीएसटीआर-1 शी लावून बघा. काही पैशांचा फरक राउंड ऑफचा असेल. हजारांचा असेल तर रद्द बिलं किंवा परत आलेला माल कुठेतरी सुटलाय. मग उधारीचे पाच ग्राहक घ्या आणि जुन्या स्क्रीनवरची बाकी फाईलमधल्या बाकीशी ताडा. ‘एकूण येणे 6,400’ एवढाच आकडा आला असेल तर तो परत पाठवा. कुठल्या बिलाचे किती बाकी, हे सांगता आलं नाही तर ग्राहक एक पैसा देत नाही. शेवटी कपाटातली दहा औषधं हातात घेऊन बॅच आणि मुदत बघा. पुरवठादाराकडे पाठवलेल्या मुदत संपलेल्या मालाच्या क्रेडिट नोट अजून यायच्या असतील तर त्याही फाईलमध्ये शोधा. अहवालांतून हमखास निसटतात त्या याच.

चुका सापडल्या की यादी करून ईमेलने कळवा. मे अखेर झालेली दुरुस्ती 30 जूनच्या अंतिम प्रतीत आपोआप येते. चाचणीची प्रत मागायची ती यासाठीच. देखभालीचं थकलेलं बिल असेल तर ते आधी भरून टाका. डेटा अडकतो तो बहुधा अशाच रकमेपायी, आणि मग भांडण डेटाचं न राहता पैशांचं होतं.

कंपनी टाळाटाळ करू लागली, तर करारातलं समाप्तीचं कलम काढून त्याचा क्रमांक पत्रात घाला आणि दुसरं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. नोंदी दुकानाच्या असतात. सॉफ्टवेअर आणि तक्त्यांची रचना कंपनीची. आपण त्यांचा कोड मागत नाही आहोत, एवढं एका ओळीत लिहिलं की बऱ्याचदा ताण कमी होतो. दरम्यान लॉगिन चालू आहे तोवर महिनावार विक्री, खरेदी, उधारी आणि एच-1 चे अहवाल पीडीएफमध्ये स्वतः काढून ठेवा. डेटाबेसची जागा ते घेणार नाहीत, पण तपासनीस दारात आला तर दाखवायला कागद असेल.

कंपनीकडच्या प्रतींबद्दलही लिहायला हवं. रुग्णांची नावं, मोबाईल नंबर आणि औषधं त्यांच्या सर्व्हरवर पडून राहणं बरं नाही. पण अंतिम प्रतीचा ताळा लागल्याशिवाय ‘डेटा पुसा’ असं चुकूनही कळवू नका. ताळा लागल्यावर वेगळं पत्र द्या: अंतिम प्रत मिळाली, तपासली, आता आपल्याकडील सर्व प्रती आणि बॅकअप अमुक तारखेपर्यंत पुसून तसं लेखी कळवावं. ते उत्तर कराराच्या फाईलमध्येच लावून ठेवा.