आधी विभागणी, मग बाकीचे

स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्ल्याना. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या प्रसूती विभागात १९९७ ते २००५ या काळात गरोदर बायकांच्या पोटावर इलेक्ट्रोड लावून गर्भाशयाच्या विद्युत हालचाली टिपल्या गेल्या. एकेक नोंद साधारण अर्ध्या तासाची आणि प्रत्येक नोंद वेगळ्या गरोदरपणाची. अशा ३०० नोंदी पुढे ‘फिजिओनेट’ या खुल्या संग्रहात सगळ्यांसाठी ठेवण्यात आल्या. त्यातल्या २६२ बायकांची प्रसूती दिवस भरून झाली, ३८ जणींची ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी.

या ३८ नोंदींवर जगभरच्या संशोधकांची नजर गेली, आणि ते साहजिकच होते. अकाली प्रसूतीची चाहूल काही आठवडे आधी लागली, तर बाईला मोठ्या रुग्णालयात हलवता येते, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शने देता येतात. मशीन लर्निंगचे मॉडेल या नोंदी पाहून धोका ओळखू शकेल का, यावर शोधनिबंधांची रांग लागली. त्यातल्या बऱ्याच निबंधांमध्ये निकाल जवळपास अचूक होते. २०२१ साली गेंट विद्यापीठातील वांडेविले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे निबंध पुन्हा उभे करून पाहिले. पायऱ्यांचा क्रम दुरुस्त केल्यावर ती अचूकता विरघळून गेली आणि मॉडेल अंदाजपंचे उत्तरापेक्षा फारसे पुढे नव्हते. डेटाची ट्रेनिंग आणि टेस्ट अशी विभागणी कशी चुकते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही, कारण गळती आणि वर्गांचे बिघडलेले प्रमाण हे दोन्ही दोष इथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

सुरुवात प्रमाणापासून करू. ३०० पैकी ६० नोंदी टेस्टसाठी बाजूला काढायच्या आहेत. ३८ चा पाचवा हिस्सा ७.६, म्हणजे टेस्टमध्ये सात-आठ अकाली प्रसूती यायला हव्यात. पण डोळे मिटून ६० उचलल्या तर तसे होईलच असे नाही. हिशेब केला तर हा आकडा सरासरीभोवती सुमारे २.३ ने इकडेतिकडे हलतो. म्हणजे एखाद्या वेळी चारच येतील, एखाद्या वेळी बारा. चारच आल्या, तर मॉडेलने त्यातली एक ओळखली किंवा हुकवली एवढ्यावर ‘किती टक्के धोके ओळखले’ हा आकडा २५ टक्क्यांनी उडी मारतो. शिवाय तिकडे बारा गेल्या तर इकडे शिकायला २६ च उरतात. दोन संशोधकांनी एकच मॉडेल वापरले आणि नशिबाने वेगळी वाटणी झाली, तर निकाल परस्परविरोधी येऊ शकतात, आणि दोघेही त्याचे श्रेय किंवा दोष मॉडेललाच देतील.

यावरचा उपाय सोपा आहे: आधी दोन वर्ग वेगळे करायचे आणि प्रत्येकातून त्याच प्रमाणात नोंदी उचलायच्या. याला स्ट्रॅटिफाइड विभागणी म्हणतात. `train_test_split` ला `test_size=60, stratify=y` एवढे सांगितले की ६० च्या टेस्टमध्ये ८ अकाली आणि ५२ पूर्ण दिवसांच्या नोंदी येतात, तर ट्रेनिंगमध्ये ३० आणि २१० उरतात. दोन्हीकडे प्रमाण साधारण तेच राहते, रुग्णालयात दिसले होते तेच. या संचात आणखी एक बारकावा आहे. काही नोंदी २६ व्या आठवड्याच्या आधी घेतलेल्या आहेत, काही नंतर, आणि गर्भाशयाचा सिग्नल आठवड्यांनुसार बदलतो. म्हणून वर्ग आणि नोंदीचा काळ असे चार गट करून वाटणी करणे अधिक चांगले. पण गट वाढवत नेले की एकेका गटात माणसेच उरत नाहीत. ३८ नोंदींवर चारपेक्षा जास्त गट पाडू नयेत, असे मला वाटते.

इथवर सगळे सरळ आहे. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. ट्रेनिंगमध्ये एकीकडे ३० आणि दुसरीकडे २१० असतील, तर मॉडेल आळशी होते: सगळ्यांना ‘दिवस भरतील’ असे सांगितले तरी ते ८७ टक्के बरोबर ठरते. म्हणून कमी असलेल्या वर्गाची संख्या कृत्रिमरीत्या वाढवतात. त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे २००२ साली चावला आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ‘स्मोट’. तिची रीत अशी: एक अकाली नोंद घ्यायची, तिच्याशी सर्वांत मिळत्याजुळत्या पाच अकाली नोंदी शोधायच्या, त्यातली एक निवडायची आणि दोघींना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी एक नवी, काल्पनिक नोंद ठेवायची. नवी नोंद ही दोन खऱ्या नोंदींचे मिश्रण असते. या पद्धतीत गैर काही नाही. गैर आहे ते ती विभागणीच्या आधी वापरणे.

आधी वापरली तर काय होते ते आकड्यांत पाहा. ३८ च्या २६२ करायच्या, म्हणजे २२४ काल्पनिक नोंदी तयार झाल्या. एकूण संच ५२४ चा झाला. आता त्यातला पाचवा भाग, साधारण १०५ नोंदी, टेस्टसाठी काढला. त्यात अकाली प्रसूतीच्या सुमारे ५२ येतील, पण त्यातल्या खऱ्या सात-आठच. उरलेल्या पंचेचाळीसेक काल्पनिक. प्रत्येक काल्पनिक नोंदीचे पालक दोन. प्रत्येक पालक टेस्टमध्ये जाण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे दोन्ही पालक ट्रेनिंगबाहेर असण्याची शक्यता पंचविसात एक. बाकी सुमारे ९६ टक्के वेळा टेस्टमधल्या काल्पनिक बाईचा निदान एक पालक ट्रेनिंगमध्ये बसलेला असतो, उत्तरासकट. उरलेल्या सात-आठ खऱ्या नोंदीही सुटत नाहीत. २२४ काल्पनिक नोंदींना प्रत्येकी दोन पालक, म्हणजे एका खऱ्या नोंदीच्या वाट्याला सरासरी बारा अपत्ये. त्यातली बहुतेक ट्रेनिंगमध्ये. पेपर फुटल्यावर आलेल्या गुणांसारखे हे गुण आहेत. मॉडेलने अकाली प्रसूतीचे लक्षण शिकलेले नसते, त्याला फक्त ३८ बायकांचे चेहरे पाठ झालेले असतात.

ही गळती ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली कोणत्याही वाचकाला दिसेल अशी: टेस्टमध्ये दोन्ही वर्ग निम्मेनिम्मे असल्याचे निबंधात लिहिलेले असते. मूळ संचात हे प्रमाण १२.७ टक्के होते. टेस्टचे प्रमाण ५० वर गेले असेल, तर कोणीतरी विभागणीआधी हात घातला आहे असे समजून पुढे वाचावे. दुसरी खूण स्वतः करून पाहायची. ३०० नोंदींची उत्तरे आपापसात सरमिसळ करून टाकायची, कोणाला अकाली आणि कोणाला पूर्ण दिवस हे पूर्ण नशिबावर सोडायचे, आणि तीच सगळी प्रक्रिया पुन्हा चालवायची. आता शिकण्यासारखे काहीच उरलेले नाही, त्यामुळे निकाल नाणेफेकीइतकाच यायला हवा. तरीही तो घसघशीत आला, तर गुण मॉडेलचे नसून प्रक्रियेचे आहेत. ही चाचणी मला फार आवडते, पण तिची मर्यादा सांगायला हवी. एखाद्या स्तंभातच उत्तर दडलेले असेल, उदाहरणार्थ प्रसूतीनंतर भरलेली माहिती, तर सरमिसळीने तो धागा तुटतो आणि चाचणी निर्दोष असल्याचा दाखला देते. तिथे प्रत्येक स्तंभाला एकच प्रश्न विचारावा लागतो: ही माहिती निदानाच्या दिवशी हातात होती का?

स्मोट हे ठळक उदाहरण, पण तसाच प्रकार कमी दिसणाऱ्या जागीही होतो. हेस्टी, टिब्शिरानी आणि फ्रीडमन यांच्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टॅटिस्टिकल लर्निंग’ या पाठ्यपुस्तकात एक प्रयोग आहे. ५० नमुने, दोन समान वर्ग, आणि प्रत्येकाची ५००० मापे, तीही निव्वळ यादृच्छिक. वर्गाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. आधी सगळे ५० नमुने घेऊन वर्गाशी सर्वाधिक जुळणारी १०० मापे निवडली आणि मगच क्रॉस-व्हॅलिडेशन केले, तर चूक सरासरी ३ टक्के दिसते. खरी चूक ५० टक्के आहे. काल्पनिक नोंद एकही नाही, रांगा नीट वेगळ्या केलेल्या आहेत, तरी निवडीच्या वेळी टेस्टची उत्तरे पाहिली गेली होती, आणि तेवढे पुरले. म्हणून मापांची निवड, रिकाम्या जागा भरणे, सरासरी काढून प्रमाणीकरण, संख्या वाढवणे, हे सगळे ट्रेनिंगच्या भागातूनच शिकायचे. टेस्टला आकडे फक्त लावायचे आणि संख्या तर वाढवायचीच नाही. प्रमाणीकरणाची गळती बहुधा किरकोळ असते, निवडीची आणि वाढवण्याची जीवघेणी. पण क्रम एकच ठेवला तर कोणती किरकोळ याचा विचार करावा लागत नाही.

विभागणी करायची ती कशाची, हाही प्रश्न आहे. अर्ध्या तासाच्या सिग्नलचे एकेका मिनिटाचे तुकडे केले तर ३०० बायकांपासून हजारो रांगा तयार होतात आणि डेटा एकदम भरघोस वाटतो. त्या रांगा सरसकट वाटल्या, तर एकाच बाईचे काही तुकडे शिकवायला आणि काही परीक्षेला जातात. छातीच्या एक्स-रेंच्या बाबतीत हे २०१७ मध्ये उघडपणे घडले. ‘चेस्ट-एक्सरे-१४’ या संचात १,१२,१२० चित्रे आहेत, पण रुग्ण ३०,८०५ च. स्टॅनफर्डच्या ‘चेक्सनेट’ निबंधाच्या पहिल्या मसुद्यात वाटणी चित्रांची केली होती. बाहेरच्या वाचकांनी बोट ठेवल्यावर नंतरच्या आवृत्तीत रुग्ण वेगळे केले गेले आणि तसे स्पष्ट लिहिले गेले. उद्या मॉडेलसमोर जुन्या बाईचा नवा तुकडा येणार नाही, नवी बाई येणार आहे. म्हणून वाटणीचे एकक बाई.

वर्गांचे प्रमाण आणि बाईची एकसंधता या दोन्ही अटी एकत्र पाळायला `scikit-learn` मध्ये `StratifiedGroupKFold` आहे. कामाचा गाभा असा:

```python
model = Pipeline([
    ("scale", StandardScaler()),
    ("smote", SMOTE(random_state=0)),
    ("clf", LogisticRegression(max_iter=1000)),
])
cv = StratifiedGroupKFold(n_splits=5, shuffle=True, random_state=0)
cross_val_score(model, X, y, groups=woman_id,
                cv=cv, scoring="roc_auc")
```

यातला `Pipeline` हा `imblearn` मधला घ्यायचा; `scikit-learn` चा स्वतःचा स्मोटला आत घेत नाही. प्रत्येक फेरीत सरासरी आणि काल्पनिक नोंदी त्या फेरीच्या ट्रेनिंगमधूनच नव्याने तयार होतात, आणि टेस्टच्या वेळी स्मोटची पायरी वगळली जाते. इतक्या थोड्या ओळींत वर सांगितलेल्या बहुतेक गळत्या बंद होतात.

पाच फेऱ्यांचे कारण पुन्हा त्या ३८ मध्ये आहे. शेवटच्या ओळीतला `roc_auc` हा गुण असे मोजतो: एक अकाली आणि एक पूर्ण दिवसांची नोंद उचलली, तर मॉडेल अकाली नोंदीला जास्त धोका देईल याची शक्यता किती. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक. समजा निर्दोष विभागणी करून ८ आणि ५२ च्या टेस्टवर ०.७ गुण आले. हॅन्ली आणि मॅकनील यांच्या नेहमीच्या सूत्राने काढले तर या गुणाची प्रमाण त्रुटी ०.११ येते. म्हणजे खरा गुण साधारण ०.४९ पासून ०.९१ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि या पट्ट्यात नाणेफेकही बसते. पाच फेऱ्यांत सगळ्या ३८ जणी एकेकदा टेस्टमध्ये येऊन गेल्या, तर त्याच सूत्राने त्रुटी सुमारे ०.०५ पर्यंत उतरते आणि पट्टा ०.६ ते ०.८ होतो. फेऱ्यांमध्ये ट्रेनिंगचा बराच भाग सामाईक असल्याने हा आकडाही थोडा उदारच धरायला हवा. यापेक्षा अरुंद पट्टा हवा असेल तर तो विभागणीतून मिळत नाही. आणखी बायकांच्या नोंदी घ्याव्या लागतात, आणि शक्यतो दुसऱ्या रुग्णालयातल्या.