पासवर्ड मागणारा जिगरी दोस्त

‘तुझा आयडी दे ना, दोन दिवसांत रँक वर नेऊन देतो.’ शाळकरी पोरांच्या गप्पांत हे वाक्य सर्रास ऐकू येतं. आयडी म्हटलं तरी मागितलेलं असतं ते लॉगिन. बीजीएमआय किंवा फ्री फायरसाठी बहुतेक मुलं वेगळा पासवर्ड कधी तयारच करत नाहीत. ती गूगल नाहीतर फेसबुकच्या खात्यातून गेममध्ये शिरतात. त्यामुळे मित्राच्या हाती जातं ते आख्खं गूगल खातं.

समजा, ओंकारनं सोहमला असं लॉगिन दिलं. सोहमला ते खातं आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये जोडावं लागतं. ओंकारच्या फोनवर ‘हे तुम्हीच आहात का?’ असा प्रश्न येतो आणि मित्राला खोळंबा नको म्हणून ओंकार ‘हो’ दाबतो. आता सोहमच्या फोनमध्ये ओंकारचा मेल येऊ लागतो. काँटॅक्ट, बॅकअपमधले फोटो, क्रोमनं साठवलेले पासवर्ड हेही त्याच्या आवाक्यात येतात. कित्येक घरांत हे खातं मुळात आईचं किंवा बाबांचं असतं आणि बँकेची स्टेटमेंट तिथेच येतात. सोहम भला मुलगा असेलही, पण त्याचा फोन त्याचा भाऊ वापरतो आणि त्यात कुठून कुठून उतरवलेली ‘मॉड’ अ‍ॅपही असतात.

दिलेलं परत घ्यायचं, तर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात Your devices अशी यादी असते. तिथे अनोळखी फोन दिसला की त्याला साइन आउट करायचं आणि मग पासवर्ड बदलायचा. एवढ्यानंही गेममधलं लॉगिन बंद होईलच असं नाही, कारण एकदा आत घेतल्यावर गेम स्वतःची नोंद ठेवतो. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडण्याची सोय असेल, तर तीही वापरावी.

गंमत म्हणजे या खेळांत एकत्र खेळायला लॉगिन द्यावंच लागत नाही. खातं फुकट आहे. प्रत्येकानं आपलं उघडायचं, मित्रयादीत एकमेकांना घ्यायचं आणि स्क्वॉड बांधायचा. लॉगिन दिलं जातं ते स्किन मिरवायला किंवा रँक वाढवून घ्यायला. एका खात्यावर दोघं एका वेळी खेळूही शकत नाहीत.

कॉम्प्युटरवरच्या खेळांत मात्र अडचण खरी आहे, कारण तिथे गेम विकत घ्यावे लागतात. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’वर एकाकडे पन्नास गेम असतात, दुसऱ्याकडे एकही नसतो. मग पासवर्ड दिला जातो किंवा मित्रानं पाठवलेला क्यूआर कोड स्टीमच्या मोबाइल अ‍ॅपनं स्कॅन केला जातो. दोन्हींचा परिणाम एकच: मित्र तुमच्या खात्यात शिरतो. त्यानं काउंटर-स्ट्राइकमध्ये चीट वापरलं, तर व्हॅक ही यंत्रणा तुमच्या खात्यावर बंदी घालते. ही बंदी कायमची असते. ‘मी नव्हतो, मित्र खेळत होता’ हे कारण चालत नाही, कारण खातं कुणाला न देण्याची अट आपण आधीच मान्य केलेली असते.

स्टीमनं 2024 मध्ये ‘स्टीम फॅमिलीज’ ही सोय सर्वांसाठी खुली केली. यात जास्तीत जास्त सहाजण असतात आणि प्रत्येक जण स्वतःच्या खात्यातून इतरांचे बरेचसे गेम खेळतो. कुणालाही कुणाचा पासवर्ड लागत नाही आणि प्रत्येकाची प्रगती वेगळी साठते. पण ही सोय एका घरातल्या माणसांसाठी आहे. बाहेर पडलेल्या प्रौढ सदस्याला, आधीच्या कुटुंबात आल्यापासून वर्ष होईपर्यंत, दुसरीकडे जाता येत नाही. शिवाय तुमची प्रत खेळताना घरातल्या कुणावर चीटिंगची बंदी आली, तर त्या गेमपुरती ती तुमच्यावरही येते. भावंडांसाठी ही व्यवस्था उत्तम. वर्गातल्या पोरांना त्यात घेऊ नये. आणि प्रत एकच असेल, तर तो गेम एका वेळी एकालाच खेळता येतो.

मग मित्राबरोबर खेळायचं कसं? एकाच पडद्यावर दोघांनी खेळायचा गेम असेल, तर Remote Play Together वापरावं. गेम फक्त यजमानाकडे लागतो. तो त्याच्याच कॉम्प्युटरवर चालतो, मित्राकडे चित्र पोचतं आणि मित्रानं दाबलेली बटणं उलट इकडे येतात. यजमानाचा अपलोड वेग कमी असेल, तर चित्र फाटतं आणि उडी उशिरा लागते, त्यामुळे निशाणेबाजीपेक्षा कोडी किंवा निवांत खेळ यावर बरे चालतात. काही कंपन्यांनी तर हा प्रश्नच मिटवला आहे. ‘इट टेक्स टू’ हा 2021 चा गेम दोघांनीच खेळायचा आहे, पण विकत एकानंच घ्यायचा. दुसऱ्यानं Friend's Pass फुकट उतरवायचा, यजमानाचं आमंत्रण स्वीकारायचं आणि आपल्या स्वतःच्या खात्यातून पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत खेळायचं.