गार होणारा चहा आणि दोन मिनिटांचं भाषण

आमच्या टीम लीड मॅडम सहा वर्षांनी नोकरी बदलून चालल्या होत्या. शुक्रवारी साडेचारला अकरा जण मीटिंग रूममध्ये जमणार, भेट द्यायची आणि त्याआधी दोन शब्द बोलायचे, ते माझ्याकडे आले. वर्गणी प्रत्येकी दोनशे. दोन शब्द म्हणजे खरं तर दोन मिनिटं. सावकाश बोललं तर त्यात दोनशे-सव्वादोनशे शब्द बसतात, म्हणजे वहीचं जेमतेम एक पान.

पहिला मसुदा मी रात्री लिहिला. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, सदैव हसतमुख, मायाळू. सकाळी वाचल्यावर जाणवलं, यातलं एकही विशेषण फक्त त्यांचं नव्हतं. शिवाय सगळी वाक्यं भूतकाळात होती: ‘त्या सगळ्यांना सांभाळून घ्यायच्या, त्या फार प्रेमळ होत्या.’ समोर बसलेल्या, सोमवारी दुसरीकडे रुजू होणाऱ्या माणसाबद्दल असं बोललं की शोकसभेचा सूर लागतो. जे घडून गेलं तेवढंच भूतकाळात सांगायचं. स्वभाव मात्र वर्तमानातच ठेवायचा. ‘त्या प्रेमळ आहेत’ एवढ्या बदलानेही खोलीतली हवा हलकी होते.

मग विशेषणं काढून टाकली आणि एकच प्रश्न धरला: यांच्या टेबलाशी गेलं की काय दिसतं? गार झालेला चहा. मावशी अकराला कप ठेवून जायच्या, त्यावर साय धरायची, कारण कुणीतरी अडचण घेऊन शेजारी खुर्ची ओढलेली असायची. भेटही त्यातूनच ठरली, चहा गरम ठेवणारा स्टीलचा थर्मास. त्याच्या बुडाशी आम्ही सगळ्यांची नावं कोरून घेतली. भेट आधी घेऊन मग तिला साजेसं काही शोधत बसलं, तर भाषण वस्तूची जाहिरात होतं. आठवण आधी सापडली की वस्तू तिच्या मागून येते.

शेवटी बोलले ते असं:

‘मॅडमच्या टेबलावरचा चहा गरम असताना कुणी पाहिलाय? मी चार वर्षांत नाही पाहिला. गेल्या मार्चमध्ये माझ्या चुकीमुळे ग्राहकाची यादी चुकीची गेली. मी घाबरून त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी नुकता कप उचलला होता. तो खाली ठेवला आणि म्हणाल्या, बस, आधी काय झालंय ते बघू. चूक कुणाची, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. संध्याकाळी सगळं निस्तरल्यावर मी पाहिलं, कप तसाच भरलेला होता. मॅडम, तुमचे असे कितीतरी चहा आमच्यापायी गार झाले. नव्या ठिकाणीही लोक खुर्ची ओढून बसतीलच, तुम्ही त्यांना नाही म्हणणार नाही. म्हणून हा थर्मास. खाली आमची नावं आहेत.’

यात एक वळण मुद्दाम ठेवलं आहे. सुरुवातीला मी सहकाऱ्यांशी बोलते, मॅडम ‘त्या’ असतात. ‘मॅडम, तुमचे’ या शब्दांवर मी त्यांच्याकडे वळते. पहिल्यापासून ‘तुम्ही, तुम्ही’ म्हटलं असतं तर त्यांना एवढ्या लोकांसमोर सगळा वेळ माझ्याकडे बघत अवघडून बसावं लागलं असतं. शेवटपर्यंत ‘त्या’ म्हटलं असतं, तर समोर असूनही त्या परक्या वाटल्या असत्या. प्रसंग माझ्या स्वतःच्या चुकीचा निवडला, तोही विचार करून. दुसऱ्या कुणाची फजिती सांगितली असती, तर त्याची मान खाली गेली असती.

काही गोष्टी गाळल्या. नव्या कंपनीचं नाव, पगार, त्यांच्या जागी कोण येणार, भेटीची किंमत, वर्गणी कुणी दिली नाही, यातलं काही नाही. ‘तुमच्याशिवाय आमचं कसं होणार’ हेही नाही. जाणाऱ्याच्या मनात आधीच थोडी अपराधी भावना असते, ती आपण कशाला वाढवायची?

खोका आधी हातात दिला, तर समोरचा माणूस तो सावरत भाषण ऐकतो, म्हणून तो टेबलावरच राहू दिला. शेवटचं वाक्य संपल्यावर दोन्ही हातांनी पुढे केला आणि गप्प झाले. ही शांतता सगळ्यांत कठीण. ‘तर असो, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा’ असं काहीतरी तोंडातून निसटू पाहत होतं, ते गिळलं. वाचायला चिठ्ठी नव्हती, फक्त तळहातावर तीन शब्द लिहिले होते: कप, मार्च, नावं.

मॅडमनी कागद सोडला, थर्मास उलटा करून नावं एकेक वाचली. माझ्या नावावर बोट ठेवून थांबल्या. मग दाराशी उभ्या असलेल्या मावशींकडे पाहून म्हणाल्या, ‘मावशी, किटलीत चहा आहे का अजून? यात भरा. आज गरम पिऊ.’