सोमवारची सूचना मे महिन्यात लिहावी

शिरूर अनंतपाळ तालुक्यात सोयाबीन, तूर आणि हरभरा या तीन पिकांवर सल्ला देऊन पोट भरायचं, तर वर्षाचं गणित विचित्र पडतं. एप्रिल-मेमध्ये फोन क्वचितच वाजतो. पहिला दमदार पाऊस झाला की साकोळ, येरोळ, उजेडकडून दिवसभर बोलावणी येतात. एकट्याने काम करणाऱ्या कृषी सल्लागाराने व्हॉट्सअ‍ॅपवर 'सोमवारची सूचना' सुरू करायची ठरवली, की ती नेमकी याच गणितात अडकते. लोकांना सूचना सगळ्यात जास्त हवी असते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि लिहायला बसायला सल्लागाराला तेव्हाच वेळ नसतो. अशा मालिका उत्साह संपल्यामुळे बंद पडतात असं म्हटलं जातं. माझ्या मते त्या चुकीच्या महिन्यात लिहायला घेतल्यामुळे बंद पडतात.

एकट्या माणसाने अशी मालिका दीर्घकाळ चालवल्याचं मराठीतलं जुनं उदाहरण म्हणजे लोकहितवादींची शतपत्रे. सरकारी नोकरी सांभाळून गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात १०८ पत्रं लिहिली. पत्र आटोपशीर, विषय बहुधा एकच, आणि वाचक कोण हे पक्कं ठाऊक. आजच्या सल्लागाराने त्यांच्याकडून एवढं उचललं तरी पुष्कळ झालं.

आता प्रत्यक्ष आखणी करून पाहू. २०२६ मध्ये १ जूनला सोमवार आहे. तिथून ३० नोव्हेंबरपर्यंत २७ सोमवार येतात. १४ सप्टेंबरचा सोमवार गणेश चतुर्थीचा आहे आणि ९ नोव्हेंबरचा लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचा. हे दोन्ही सोमवार सुट्टीचे म्हणून आधीच जाहीर करून टाकावेत. सांगून घेतलेल्या सुट्टीबद्दल कोणी विचारत नाही, न सांगता चुकलेल्या सोमवारनंतर मात्र पुढचा सोमवार चुकवणं सोपं होतं. उरले २५. त्यातल्या १४ सूचना मे महिन्यातच लिहून, फोटो जोडून तयार ठेवाव्यात. सहा जागा वाचकांच्या प्रश्नांसाठी आणि पाच जागा त्या त्या वेळच्या संकटासाठी मोकळ्या सोडाव्यात. पावसाचा खंड, अतिवृष्टी, अचानक वाढलेली अळी यांचं वेळापत्रक मे महिन्यात कुणालाच माहीत नसतं.

१४ विषय आणायचे कुठून? गेल्या हंगामात आलेले फोन आठवावेत आणि प्रश्न शेतकऱ्याच्याच शब्दांत वहीत उतरवावेत. 'घरचं बियाणं चालेल का?', 'शेंडा कशानं सुकायलाय?', 'तणनाशक आता मारलं तर जमंल का?' यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक सूचना. प्रश्न सुचेनासे झाले की सल्लागार 'वेळेवर फवारणी करा', 'संतुलित खतं वापरा' असं लिहू लागतो. वहीतला साठा संपल्याची ती खूण असते.

पहिला प्रश्नच घेऊ. सूचना अशी होईल: सरसकट पोत्यातले १०० दाणे मोजून घ्या, निवडून घेऊ नका. ओल्या गोणपाटावर ओळीत मांडून गुंडाळी करा, ओल टिकवा. पाच ते सात दिवसांनी निरोगी कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६५ उगवले तर ३० ला ७० ने गुणून ६५ ने भागा, म्हणजे साधारण ३२ किलो लागेल. उगवण याहून फारच कमी असेल तर ते बियाणं पेरणीला घेऊ नका. एवढ्यात सूचना संपते. यात प्रश्न आहे, तपासणी आहे, आकडा आहे आणि काय करू नये तेही आहे. हाच साचा सगळ्या सूचनांना ठेवला की दर वेळी सुरुवात कशी करायची याचा विचार करावा लागत नाही. शंभरेक शब्दांपेक्षा मोठं काही लिहू नये. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी तोच मजकूर मिनिटभराच्या आवाजात, आपल्याकडच्या बोलीत पाठवावा.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो तारखांमुळे. १४ सूचनांवर सोमवारच्या तारखा टाकल्या आणि पाऊस लांबला की सगळा क्रम कोलमडतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं आपणच सांगतो. तो पाऊस १० जूनला होईल की जुलै उजाडेल, हे कोणी सांगावं? म्हणून सूचनेवर तारीख घालायची नाही, पिकाचं वय घालायचं: 'पेरणीआधी', 'पेरणीनंतर १५ ते २० दिवस', 'फुलोरा', 'शेंगा भरताना', 'काढणी'. पाऊस पडला की त्या दिवसापासून मोजून सूचना सोमवारांवर बसवायच्या. वाट पाहण्याचे सोमवार भरायला बीजप्रक्रियेचा क्रम (आधी बुरशीनाशक, शेवटी रायझोबियम) यासारख्या दोन-तीन सूचना राखून ठेवायच्या. एकाच गावातल्या पेरण्याही मागेपुढे होतात. सूचनेच्या पहिल्या ओळीत पिकाचं वय असलं की ती आपल्यासाठी आहे की नाही हे वाचकाला लगेच कळतं.

फोटोंचा पेच वेगळा. चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा करून त्यांच्यामध्ये अंडी घालते आणि वरचा भाग सुकतो. शेंडा सुकण्याचं हे कारण शब्दांत सांगून पटत नाही, खाचांचा जवळून काढलेला फोटो लागतो. पण सूचना मे महिन्यात लिहायची आणि खाचा तर खरिपातच दिसणार! उपाय एकच. या हंगामातले फोटो गाव, तारीख आणि पिकाचं वय लिहून पुढच्या वर्षासाठी साठवायचे. इंटरनेटवरून उचललेला फोटो शेतकरी ओळखतो, 'हे आपल्याकडचं रान न्हाई' म्हणतो आणि पुढचं वाचत नाही.

तयार साठ्यात काय ठेवू नये, हेही ठरवावं लागतं. हवामान ठेवू नये, त्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतोच. बाजारभाव ठेवू नयेत. सरकारी नियम तर मुळीच नकोत. नुकसानीची सूचना ७२ तासांत विमा कंपनीला द्या, ही ओळ काही वर्षं दर पावसाळ्यात फिरायची. २०२५ च्या खरिपात राज्याने योजना बदलून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आधारली आणि ती ओळ एका हंगामात शिळी झाली. असे विषय मोकळ्या पाच जागांसाठी असतात, आणि तेही त्या आठवड्यात ताजा शासन निर्णय पाहूनच. कीटकनाशकाचं नाव द्यायचं तर त्या पिकासाठी लेबल क्लेम आहे का ते आधी पाहावं, आणि कंपनीचं नाव टाळावं. शेत न पाहता औषध सांगायचंच नाही, हा नियम त्याहून बरा. सोमवारी कीड ओळखायला शिकवावं, निदान बांधावर जाऊन करावं. फीही त्याचीच असते.

पाठवायचं कुठे याचा फार खल नको. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. स्टेटस २४ तासांत जातं, मागची सूचना शोधणाऱ्याला ते निरुपयोगी. चॅनेलवर जुन्या सूचना राहतात आणि गटासारखा सुप्रभातचा गोंधळही होत नाही. मी चॅनेलच निवडेन, आणि उत्तरासाठी शेवटी फोन नंबर देईन.

मालिका चालली आहे का, हे अंगठ्यांवरून कळत नाही. मंगळवारी फोनवर लोक काय विचारतात ते ऐकावं. सोमवारी सांगितलेलंच पुन्हा विचारत असतील तर लिखाण कच्चं आहे, ती सूचना पुढच्या वर्षासाठी लगेच दुरुस्त करावी. सूचनेच्या पुढचा प्रश्न आला, म्हणजे 'उगवण ५८ निघाली, आता काय?', तर समजावं की कोणीतरी गोणपाट खरंच ओलं केलं. तो प्रश्न वहीत उतरवला की सहा जागांपैकी एक भरली.

हा अंक हाती पडेपर्यंत तूर फुलोऱ्याकडे निघालेली असेल आणि हरभऱ्याच्या पेरण्या सुरू असतील. शेंगा पोखरणाऱ्या अळीचे, कामगंध सापळ्यांचे आणि मर रोगाने वाळलेल्या रोपांचे फोटो येत्या काही आठवड्यांतच मिळतील. मोबाइलमध्ये आजच एक वेगळा अल्बम करा आणि प्रत्येक फोटोखाली गाव आणि पिकाचं वय लिहायला विसरू नका.