उतारावरून बांधातलं अंतर कसं काढायचं?

समपातळी बांध घालताना पहिला प्रश्न येतो तो दोन बांधांत किती अंतर ठेवायचं, हा. हे अंतर जमिनीच्या उतारावरून ठरतं. बांध फार दूर पडले तर मधल्या पट्ट्यात पाण्याला वेग येतो आणि ते माती नेतं. फार जवळ पडले तर जमीन आणि खर्च दोन्ही वाया जातात.

पावसाचं पाणी ज्या दिशेनं सरळ खाली धावतं, त्या दिशेत २० मीटरवर दोन काठ्या उभ्या करा. काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा असाव्यात. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढून टाका आणि नळीचं एकेक टोक एकेका काठीला लावा. समजा, वरच्या काठीवर पाणी ७० सेंटिमीटरवर थांबलं आणि खालच्या काठीवर १३० वर. म्हणजे २० मीटरमध्ये जमीन ६० सेंटिमीटर उतरली. १०० मीटरला ती ३ मीटर उतरेल, म्हणून उतार ३ टक्के. असं दोन-तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या.

आता दोन बांधांच्या पातळीतला फरक, म्हणजे उभं अंतर काढू. कमी पावसाच्या भागासाठी रूढ सूत्र असं: उताराच्या टक्क्याला २ नं भागा, त्यात २ मिळवा आणि बेरजेला ०.३ नं गुणा. आपल्या शेतात दीड अधिक दोन म्हणजे साडेतीन, त्याला ०.३ नं गुणलं की १.०५ मीटर. जास्त पावसाच्या भागात २ ऐवजी ३ नं भागतात, त्यामुळे बांध जवळ येतात.

उभ्या अंतराला १०० नं गुणून उतारानं भागलं की जमिनीवरचं आडवं अंतर मिळतं. इथे ते ३५ मीटर. उतार १ टक्का असता तर ७५ मीटर आलं असतं, ६ टक्के असता तर २५. ६ टक्क्यांच्या पुढे मात्र असे बांध सहसा घालत नाहीत. तिथे पायऱ्यांची मजगी करतात.

आखणी करताना ३५ मीटर टेपनं मोजून सरळ रेघ मारू नका. शेताच्या माथ्यापासून १.०५ मीटर खालची जागा नळीनं शोधा. तिथून आडवं जात थोड्या थोड्या अंतरावर त्याच पातळीच्या जागा शोधून खुंट्या ठोका. उतार सगळीकडे सारखा नसल्यामुळे ही रेषा वळणं घेईल आणि दोन रेषांमधलं अंतर कुठे ३०, कुठे ४० मीटर भरेल. बारीक वळणं सरळ करावीत, पण ओघळीवर बांधाचा माथा खचू देऊ नये. तिथे भराव जास्त लागतो.

चूक पहिल्या मोठ्या पावसात कळते. बांधालगत पाणी सर्वत्र सारखं उभं राहिलं तर आखणी बरोबर. ते एकाच जागी तुंबलं तर तिथे रेषा खाली उतरली आहे. बांध आधी तिथेच फुटेल. जादा पाण्यासाठी दगडी सांडवाही हवाच.

भारी काळ्या जमिनीत मात्र हा हिशेब वापरू नये. तिथे पाणी मुरत नाही, पिकं पिवळी पडतात आणि उन्हाळ्यात बांधाला भेगा जातात. अशा ठिकाणी पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध घालतात.